पाचामुखी परमेश्वर, पण ते पाच कोण? : इमाम शाफई यांची जीवनकथा

रमजानच्या रात्री इशाची नमाज झाली की देऊळगाव राजातल्या मशिदींमध्ये तरावीहसाठी सफा लागतात. इमाम कुराण पठण करतात आणि मागे उभे असलेले लोक दोन-दोन रकात करत पुढे जातात. आपल्या भागातल्या हनफी मशिदींत या रकाती वीस होतात. अहले हदीस मंडळींच्या मशिदीत आठ होतात. दोन्हीकडचे लोक मनापासून नमाज पढतात आणि दोन्हीकडे आपल्यामागे जुन्या विद्वानांचा आधार असल्याचे सांगितले जाते. या चर्चेत एक शब्द हमखास येतो, तो म्हणजे इज्मा. इज्मा म्हणजे धर्माच्या एखाद्या प्रश्नावर जाणकारांचे एकमत. कुराण आणि पैगंबर मुहम्मद (स.) यांची सुन्नत यांच्यानंतर इस्लामी कायद्याचा तिसरा आधार म्हणून इज्माचे नाव घेतले जाते.

मराठीत पाचामुखी परमेश्वर असे म्हणतात. पंच एकमुखाने बोलले की गाव ते मानतो. पण पाच कोण, हे कोणी ठरवायचे? गावाबाहेर राहणारा जाणता त्यात धरायचा की नाही? जो गप्प बसला त्याचा होकार समजायचा का? बाराशे वर्षांपूर्वी एका माणसाने हे प्रश्न इतक्या नेटाने विचारले की त्याच्या काळातील मोठ्या विद्वानांनाही आपली मांडणी पुन्हा तपासावी लागली. त्यांचे नाव मुहम्मद बिन इदरीस. जग त्यांना इमाम शाफई म्हणून ओळखते.

त्यांचा जन्म हिजरी 150 मध्ये, म्हणजे इसवी सन 767 मध्ये, गाझा येथे झाला. त्याच वर्षी बगदादमध्ये इमाम अबू हनीफा यांचे निधन झाले होते. घराणे कुरैशांचे, पैगंबरांच्या नात्यातले, पण घरात दारिद्र्य होते. वडील लवकर वारले. मूल दोन वर्षांचे असताना आई त्याला घेऊन मक्केला आली, कारण तिथे नातेवाईक होते आणि मुलाचे शिक्षण होणार होते. कागद विकत घ्यायला पैसे नसत. मुलगा जनावरांच्या रुंद हाडांवर लिहायचा आणि सरकारी दफ्तरातून टाकून दिलेल्या कागदांच्या कोऱ्या बाजू मागून आणायचा. सातव्या वर्षी कुराण त्याला तोंडपाठ होते, असे चरित्रकार लिहितात. शुद्ध अरबी यावी म्हणून तो वाळवंटातल्या हुजैल टोळीत जाऊन राहिला. भाषेचे हे प्रेम पुढे कामी आले. कायद्याच्या वाक्यातल्या एका शब्दाचे किती अर्थ निघतात, हे त्यांना इतरांपेक्षा आधी दिसत असे.

मक्केत मुस्लिम बिन खालिद अज-जंजी आणि सुफियान बिन उयैना यांच्याकडे शिकल्यावर हा तरुण मदिनेला इमाम मालिक यांच्याकडे गेला. जाण्याआधीच त्याने मालिक यांचा 'मुवत्ता' हा ग्रंथ पाठ केला होता. मालिक त्या काळचे सर्वांत आदरणीय विद्वान. मदिना सोडून ते हजखेरीज फारसे कुठे गेले नाहीत. त्यांचे म्हणणे असे होते की, पैगंबर दहा वर्षे या शहरात राहिले, इथे हजारो सहाबींनी त्यांना पाहिले. त्यांची मुले आणि नातवंडे याच गल्ल्यांमध्ये वाढली. म्हणून मदिनेचे लोक पिढ्यान् पिढ्या जे करत आले आहेत तेच सुन्नतीचे जिवंत रूप आहे. मुवत्तात जागोजागी असा उल्लेख येतो की अमुक गोष्टीवर आमच्याकडे एकमत आहे. त्यातले आमच्याकडे म्हणजे मदिनेत.

शाफईंनी हिजरी 179, म्हणजे इसवी सन 795 पर्यंत, मालिक यांचे निधन होईपर्यंत मदिनेशी नाते ठेवले. गुरूबद्दलचा आदर त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. पण मनात एक शंका राहिली. सहाबी सगळेच मदिनेत राहिले नव्हते. कोणी कुफ्याला गेले, कोणी बसऱ्याला, कोणी शामला, कोणी मिस्रला. त्यांनीही पैगंबरांना पाहिले होते. मग एका शहराचे एकमत हे सगळ्या उम्मतचे एकमत कसे?

या शंकेला उत्तर मिळण्यापूर्वी आयुष्याने वेगळे वळण घेतले. पोटापाण्यासाठी त्यांनी यमनच्या बाजूला, नजरान येथे सरकारी काम धरले. तिथल्या अधिकाऱ्याशी त्यांचे पटेना. त्याने खलिफा हारून रशीद यांच्याकडे कळवले की हे हजरत अली यांच्या वंशजांच्या बंडाला सामील आहेत. हिजरी 184 च्या सुमारास शाफईंना इतर आरोपींबरोबर खलिफासमोर उभे करण्यात आले. इतरांना मृत्युदंड झाला, असे चरित्रकार सांगतात. शाफईंनी आपली बाजू मांडली आणि दरबारातले काझी मुहम्मद बिन हसन शैबानी यांनी त्यांच्या विद्वत्तेची ग्वाही दिली. त्यामुळे ते वाचले.

शैबानी हे अबू हनीफा यांचे शिष्य, म्हणजे इराकी पंथाचे आधारस्तंभ. शाफई त्यांच्याकडेच शिकायला बसले आणि उंटाच्या पाठीवर मावेल इतके लिखाण उतरवून घेतले. आता त्यांच्याकडे मदिना आणि इराक या दोन्हीकडचे ज्ञान होते, आणि त्यांच्या लक्षात आले की दोन्हीकडे इज्मा हा शब्द वापरला जातो, पण प्रत्येकाच्या मनातली यादी वेगळी असते. मदिनेवाल्यांच्या यादीत मदिनेचे विद्वान, इराकवाल्यांच्या यादीत इराकचे. ज्याच्याशी आपले पटत नाही तो आपोआप यादीबाहेर जातो.

हाच मुद्दा त्यांनी पुढे लिखाणात घेतला. प्रतिपक्षाशी संवाद रंगवून ते आपले म्हणणे मांडत. समोरचा म्हणे, प्रत्येक शहराचे लोक ज्याला फकीह मानतात, ज्याचा फतवा घेतात, अशांचे मत धरावे. शाफई त्याला शहरे मोजून दाखवत. मक्केत काही लोक अता बिन अबी रबाह यांच्या मताला धरून होते, काही मुस्लिम जंजी यांच्या, तर काही त्यांना न मानणारे. मदिनेत सईद बिन मुसय्यिब यांचे नाव सर्वांत पुढे असे, पण मालिक यांच्याच काळात त्यांच्याशी मतभेद असणारे तिथे होते. कुफ्यात कोणी इब्न अबी लैला यांच्याकडे झुकलेले, कोणी अबू यूसुफ यांच्याकडे, कोणी सुफियान सौरी यांच्याकडे, तर कोणी हसन बिन सालेह यांच्याकडे. प्रत्येक गट दुसऱ्याच्या विद्वानाला कमी लेखत होता. एका शहरातच पंच कोण यावर एकमत होत नसेल, तर खुरासानपासून मिस्रपर्यंतच्या साऱ्या विद्वानांची मते कोणी गोळा केली? त्यांना भेटायला कोण गेले? शाफई असे प्रश्न विचारत, आणि समोरच्याला यादी पूर्ण करता येत नसे.

दुसरा प्रश्न मौनाचा. एका विद्वानाने मत दिले आणि बाकीचे काही बोलले नाहीत, तर तो सर्वांचा होकार मानावा, असे बरेच जण म्हणत. शाफईंनी ते मान्य केले नाही. माणूस भीतीपोटी गप्प बसतो, विचार चालू असतो म्हणून गप्प बसतो, किंवा ते मत त्याच्यापर्यंत पोहोचलेलेच नसते. जो बोलला नाही त्याच्या तोंडी बोल घालता येत नाहीत. खलिफासमोर एकदा बेड्यांमध्ये उभे राहिलेल्या माणसाला मौनाची किंमत ठाऊक असणे स्वाभाविक होते.

मग शाफई इज्मा मानत नव्हते का? मानत होते, आणि त्याची बाजू त्यांनी जितक्या भक्कमपणे मांडली तितकी त्यांच्या आधी कोणी मांडली नव्हती. हिजरी 195 मध्ये ते पुन्हा बगदादला गेले. तिथे तरुण अहमद बिन हंबल त्यांच्या सहवासात होते. शाफईंनी 'रिसाला' हा ग्रंथ लिहिला आणि नंतर मिस्रमध्ये तो नव्याने तयार केला. फिकहच्या उसूलवरचा, म्हणजे कायदा कशातून आणि कसा काढायचा याच्या नियमांवरचा, हा आपल्यापर्यंत पोहोचलेला पहिला मोठा ग्रंथ. त्यात क्रम स्पष्ट आहे. आधी कुराण, मग सुन्नत, मग इज्मा, आणि शेवटी कियास, म्हणजे माहीत असलेल्या हुकुमावरून तशाच नव्या गोष्टीचा हुकूम काढणे.

इज्माचा आधार म्हणून त्यांनी पैगंबरांची ती शिकवण घेतली, ज्यात मुसलमानांना जमातीला धरून राहायला सांगितले आहे. शाफईंचा तर्क असा. मुसलमान वेगवेगळ्या मुलखांत पसरलेले आहेत, त्यामुळे सगळ्यांबरोबर शरीराने एकत्र राहणे शक्य नाही. शिवाय एका जागी केवळ शरीरे जमल्याने काही साधत नाही, कारण जमावात नेक आणि बद दोन्ही असतात. म्हणून जमातीला धरून राहणे याचा एकच अर्थ उरतो, हलाल आणि हराम याबाबत साऱ्या समाजाने जे मानले त्याला धरून राहणे. एकटा माणूस चुकू शकतो, पण सगळा समाज मिळून कुराण, सुन्नत आणि कियास या तिन्हींचा अर्थ चुकवेल, हे होणार नाही.

पंच कोण, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर इथे सापडते. रिसालामध्ये त्यांनी ज्ञानाचे दोन प्रकार केले. पहिला प्रकार असा की तो कोणाही शहाण्या प्रौढ माणसाला माहीत नसणे शक्यच नाही. दिवसाच्या पाच नमाजा, रमजानचे रोजे, ऐपत असेल त्याला हज, मालावरची जकात, तसेच खून, चोरी, व्यभिचार आणि दारू यांची मनाई. ही गोष्ट एका आलिमाने दुसऱ्याला सांगितली म्हणून टिकलेली नाही. अख्खी पिढी पुढच्या अख्ख्या पिढीला ती देत आली. शेतकरी, विणकर, घरातली आई, हमाल, सारे तिचे साक्षीदार आहेत. पहाटे सहरीला उठून मुलाला पहिला रोजा धरायला शिकवणारी बाई या इज्माची भागीदार आहे. अशा ठिकाणी एकमत आहे, असे बेधडक म्हणता येते, कारण जिथे जाल तिथे तेच ऐकू येते.

दुसरा प्रकार बारीक तपशिलांचा. वारशाचा अवघड हिस्सा, सौद्यातली अट, वुजूचा एखादा मसला. हे विद्वानांचे काम. सर्वसाधारण माणसाचे मत तिथे विचारले जात नाही, जसे रोग्याच्या नाडीवर बाजाराचे मत घेत नाहीत. पण या दुसऱ्या प्रकारात इज्माचा दावा करणाऱ्याने पुरावा द्यायला हवा. मतभेद माझ्या कानावर आला नाही, एवढे म्हणणे वेगळे आणि मतभेद नव्हताच, असे म्हणणे वेगळे. शाफईंचे शिष्य अहमद बिन हंबल यांनी हाच भेद पुढे आणखी कडक केला. माहितीपुरते बोला, सगळ्यांच्या वतीने बोलू नका, असा त्यांच्या मताचा आशय होता.

तरावीहवरच हे तपासून पाहू. पैगंबरांनी रमजानमध्ये काही रात्री मशिदीत ही नमाज पढली आणि मागे लोक जमले. ती फर्ज ठरून लोकांना जड जाऊ नये म्हणून त्यांनी मग बाहेर येणे थांबवले. पुढे हजरत उमर (र.) यांनी वेगवेगळ्या टोळक्यांत नमाज पढणाऱ्या लोकांना हजरत उबय बिन काब यांच्या मागे एका जमातीत उभे केले. त्या वेळी रकाती किती होत्या? लहानग्या शाफईंनी पाठ केलेल्या त्याच मुवत्तामध्ये दोन वेगळ्या रिवायती आहेत. एका रिवायतीत वित्रसह अकरा, दुसरीत वित्रसह तेवीस.

शाफईंनी स्वतः दोन्ही शहरे पाहिली होती. मक्केत लोक वित्रसह तेवीस पढत, मदिनेत एकोणचाळीस. हा आकडा आला कसा, याचा खुलासा शाफई पंथाच्या ग्रंथांत आहे. वीस रकातींमध्ये दर चार रकातींनंतर थोडी विश्रांती असते, त्यालाच तरवीहा म्हणतात. वीस रकातींच्या मधोमध अशा चार विश्रांती येतात. मक्केचे लोक त्या वेळात काबाचा तवाफ करत. मदिनेत काबा नव्हता. पुण्यात मागे राहू नये म्हणून त्यांनी प्रत्येक विश्रांतीच्या जागी चार रकाती वाढवल्या. चार चोक सोळा, वीस अधिक सोळा म्हणजे छत्तीस, आणि वर तीन वित्र.

मालिक यांच्या रीतीने पाहिले तर मदिनेचा शिरस्ता म्हणून छत्तीस हाच शेवटचा शब्द ठरला असता. शाफईंनी स्वतः वीस पसंत केल्या, पण यात कुणावर बंधन नाही, असे मत दिले. म्हणजे रमजानच्या रात्री नमाजसाठी उभे राहणे चांगले, यावर सर्वांचे एकमत आहे. आकडा किती, यावर वीसचे इज्मा झाल्याचे अनेक मोठे विद्वान म्हणतात, तर इतरांना तो दावा मान्य नाही. एकाच गोष्टीतला कोणता भाग इज्माचा आणि कोणता पसंतीचा, हे वेगळे करून दाखवणे ही शाफईंची खरी शिकवण. मोहल्ल्यात वाद होतो तो बहुधा हे दोन भाग एकत्र केल्यामुळेच.

हिजरी 199 च्या सुमारास ते मिस्रला, फुस्तात येथे गेले आणि उरलेली वर्षे तिथेच राहिले. तिथे मालिक यांचे अनुयायी मोठ्या संख्येने होते. शाफईंनी मदिनेच्या एकमताचे दावे एकेक करून तपासले आणि मदिनेतल्याच विद्वानांचे मतभेद समोर ठेवले. गुरूच्या शहरावरून असे लिहिणे अनेकांना रुचले नाही, विरोध झाला. पण शाफईंनी हीच कसोटी स्वतःलाही लावली. बगदादमध्ये दिलेली कित्येक मते त्यांनी मिस्रमध्ये बदलली. आजही त्यांच्या पंथात जुने मत आणि नवे मत असे दोन भाग शिकवले जातात. आपल्याला हदीस मिळाली आणि ती आपल्या मताविरुद्ध असेल तर मत सोडावे, अशी त्यांची शिष्यांना सूचना होती. रबी, मुजनी आणि बुवैती या शिष्यांनी त्यांचे ग्रंथ आणि विचार पुढे नेले.

हिजरी 204 च्या रजब महिन्याअखेर, जानेवारी 820 मध्ये, रक्तस्रावाच्या आजाराने त्यांचे निधन झाले. हिजरी वर्षांनी वय चौपन्न. फुस्तातमध्येच राहणाऱ्या पैगंबरांच्या वंशातील विदुषी सय्यदा नफीसा यांच्या घरापाशी त्यांचा जनाजा नेण्यात आला आणि त्यांनी त्यासाठी नमाज पढली, असे चरित्रांत नमूद आहे. कैरोतील त्यांच्या कबरीवर 1211 मध्ये अय्यूबी सुलतान कामिल यांनी बांधलेला लाकडी घुमट आजही उभा आहे.

त्यांच्या मागे पंच कोण, हा वाद थांबला नाही. पुढच्या शतकांत उसूलच्या पंडितांनी व्याख्या केली की, पैगंबरांनंतरच्या कोणत्याही एका काळातील सर्व मुजतहिदांचे एकमत म्हणजे इज्मा. मुजतहिद म्हणजे मूळ आधारांतून स्वतः हुकूम काढण्याची पात्रता असलेला विद्वान. पात्रता असेल तर स्त्रीचे मतही मोजले जाते, कारण अट ज्ञानाची आहे. हजरत आयशा (र.) यांचे मत सहाबींच्या मतांत धरले जाते ते याच कारणाने. काझी बाकिल्लानी यांनी सर्वसामान्य मुसलमानांनाही मोजण्याची बाजू घेतली. इमाम गझाली यांनी शाफईंच्याच धर्तीवर तोडगा काढला. जे सर्वांना समजते त्यात सारे मोजावेत, जे जाणकारांनाच कळते त्यात जाणकार. जाहिरी पंथाने फक्त सहाबींचे एकमत मानले, तर शिया विद्वानांनी इमामाचे मत त्यात असले तरच त्याला वजन दिले. विसाव्या शतकात अल्लामा इक्बाल यांनी वेगळा पर्याय मांडला. आधुनिक काळात निवडून आलेले विधिमंडळ हे इज्माचे रूप घेऊ शकते, असे त्यांना वाटत होते. मात्र ज्यांना कायद्याचे ज्ञान नाही अशा सभासदांकडून चूक होण्याचा धोकाही त्यांनी दाखवला.

शाफईंचा प्रभाव आपल्या महाराष्ट्रातही आहे. रत्नागिरी, रायगडचे कोकणी मुसलमान मुख्यतः शाफई पंथाचे. माहीमचे मखदूम अली माहिमी हे चौदाव्या-पंधराव्या शतकातले मोठे विद्वान याच पंथाचे. विदर्भ आणि मराठवाड्यात हनफी जास्त. म्हणून कोकणातला पाहुणा रमजानमध्ये देऊळगाव राजाला आला तर असरची नमाज तो लवकर पढतो. शाफईंच्या मते दुपारची मूळ सावली वजा करून सावली वस्तूइतकी झाली की असरची वेळ सुरू होते, आणि हनफींच्या मते ती दुप्पट झाल्यावर. ईदच्या आधी फितरा देताना तो धान्यच देईल, तेही एक पूर्ण साअ, तर हनफी शेजारी गव्हाचा अर्धा साअ किंवा त्याची किंमत रोख देईल. पण रोजा दोघांनीही धरलेला असतो आणि मगरिबची अजान झाली की दोघे एकाच ताटातली खजूर उचलतात. शाफईंच्या भाषेत सांगायचे तर, सावली आणि साअ हा विद्वानांच्या मतभेदाचा भाग, आणि रोजा हा सगळ्या उम्मतच्या साक्षीचा.